काठीची वाट

मुलांनो, परवा मधल्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाई, तुम्ही लहानपणी मोबाइलवर कुठला गेम खेळायचात?"

मी म्हटलं, "अरे, आमच्या लहानपणी मोबाइलच नव्हता."

त्याच्या तोंडावर माझ्याबद्दल इतकी दया दिसली, की मला हसू आवरेना. मग मी त्याला विटांच्या गेमची गोष्ट सांगितली. ती अर्धी झाली आणि घंटा वाजली. उरलेली अर्धी सांगायची म्हणून आज ती पुरी इथंच लिहिते. त्याच्याकडे हा अंक येतो, मला ठाऊक आहे.

गोष्ट २००१ सालच्या पावसाळ्यातली. मी तेव्हा आठवीत होते. आमचं घर आंबोलीला. आंबोलीचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो कसा सांगावा? वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे साठून राहिला तर सात मीटर खोल. दुमजली घर बुडेल! जूनमध्ये धुकं दारातून आत येतं ते सप्टेंबरपर्यंत जायचं नाव घेत नाही. कपडे चुलीवर टांगून वाळवायचे, आणि मग वर्गात सगळ्यांच्याच अंगाला धुराचा वास.

अशा पावसात गवंड्याला काम नसतं. माझा काका गवंडी. सावंतवाडीपासून गोव्यापर्यंत त्याने किती घरांचे चिरे लावले असतील, त्याचं त्यालाच ठाऊक. चिरा म्हणजे आपल्याकडचा जांभा दगड. खाणीतून विटेसारखा चौकोनी कापून काढतात, पण विटेच्या कितीतरी पट मोठा आणि जड. दरवर्षी काका पावसाळ्यात घरी असायचा, शेतीची कामं करायचा. पण त्या वर्षी मे महिन्यात त्याच्या डाव्या हाताचा अंगठा दोन चिऱ्यांच्या मध्ये सापडला. हाड मोडलं. आत तार घातली, प्लास्टर झालं. जुलैत तार काढली, तेव्हा अंगठा लाकडासारखा ताठ. डॉक्टरांनी सांगितलं, रोज थोडा थोडा हलवायचा. काका हलवायचा नाही. दुखायचं ना! दिवसभर पडवीत बसून पावसाकडे बघायचा. आजी म्हणायची, "ह्येच्यापेक्षा ओरडलो असतो तर बरा झाला असता."

घरात एक व्हिडिओ गेम होता. काकानेच दोन वर्षांपूर्वी बेळगावहून आणलेला. पांढरा डबा, टीव्हीला जोडायचा, त्यात वरून कॅसेट खुपसायची. कॅसेटवर छापलेलं होतं '९९९९ इन १', पण आत तेच सात-आठ गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा! दोन रिमोट होते. त्यांतला एक माझ्या धाकट्या भावाने पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला होता. (का, ते त्याने आजवर सांगितलेलं नाही.) उरला एक. आईने नियम घातला होता, दुपारी चार ते पाच, तेही लाइट असली तर.

सात-आठ गेमांतला माझा आवडता म्हणजे विटांचा. तुम्ही कधी ना कधी खेळलाच असाल. त्याचं खरं नाव टेट्रिस. १९८४ साली मॉस्कोमध्ये अलेक्सी पाजित्नोव्ह नावाच्या माणसाने तो तयार केला. वरून तुकडे पडतात. प्रत्येक तुकडा चार चौकोनांचा. असे सातच आकार. आम्ही त्यांना नावं दिली होती: काठी, डबा, टोपी, हॉकी, उलटी हॉकी, साप आणि उलटा साप. विहीर दहा घरं रुंद, वीस घरं उंच. आडवी रांग पूर्ण भरली की ती नाहीशी होते आणि वरचा ढीग खाली येतो. ढीग वरपर्यंत पोचला की खेळ खलास.

एका दुपारी मी खेळत होते. काका मागे येऊन उभा राहिला.

"काय गो, ह्या चिनकाम कोणी शिकवल्यान तुका? भोकांच भोकां!"

मी चिडून म्हटलं, "मग तू खेळून दाखव."

त्याने डावा हात वर केला. मला एकदम वाईट वाटलं. रिमोट दोन्ही अंगठ्यांनी चालवायचा असतो. डावीकडे अधिकच्या चिन्हासारखं बटण, त्याने तुकडा सरकतो. उजवीकडे दोन बटणं, त्यांनी तो फिरतो. काकाचा उजवा अंगठा ठीक होता, पण डावा नव्हता. म्हणजे काका तुकडा फिरवू शकला असता, सरकवू शकला नसता.

मी रिमोट पाटावर ठेवला आणि पाट आमच्या दोघांच्या मध्ये. "डावी बाजू माझी, उजवी तुझी."

आणि असा आमचा दोन माणसांचा एक खेळाडू सुरू झाला.

पहिल्या दिवशी नुसती भांडणं! मी काठी उजव्या भिंतीपाशी नेऊन उभी... म्हणजे आडवीच. काका बटण दाबतोय, दाबतोय, आणि काठी फिरतच नाही. काका म्हणाला बटण बिघडलं. मी म्हटलं तुझं बोट बिघडलं. दोन-तीन दिवसांनी काकाच्याच लक्षात आलं. तुकड्याला फिरायला दोन्ही बाजूंना जागा लागते. भिंतीला किंवा ढिगाला चिकटल्यावर जागा नसेल, तर हा गेम तुकडा फिरवत नाही, आणि मागेही सरकवून देत नाही. (नव्या टेट्रिसमध्ये तो आपोआप थोडा बाजूला होतो. म्हणून मोबाइलवर खेळणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.)

"दार खोलीत नेवन फिरवतत काय?" काका म्हणाला. "भायरच उभा करून घेवचा. आधी मी फिरवतलंय, मगे तू सरकव."

तो आमचा पहिला नियम. 'आधी फिरव, मगे सरकव' असं मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. आमच्या गेममध्ये गुण साठून राहत नसत. डबा बंद केला की सगळं पुसलं जाई. म्हणून सगळ्यात जास्त झालेले गुण आणि सगळे नियम त्या कॅलेंडरच्या पाठीवर.

काकाचं म्हणणं असं, की ढीग कसा दिसला पाहिजे? चिऱ्याच्या भिंतीसारखा. वरची रांग पाण्याच्या पातळीत. कुठं खड्डा नको, कुठं उंचवटा नको. मी म्हटलं बरं. आणि खरंच, भोकं कमी झाली. पण दर वेळी साप आला की घोटाळा! साप म्हणजे इंग्रजी एस किंवा झेडसारखा वाकडा तुकडा. तो सपाट जमिनीवर आडवा ठेवा, नाहीतर उभा ठेवा, त्याच्या पोटाखाली एक घर रिकामं राहणारच. कागदावर काढून बघा. त्याला बसायला एक पायरी लागते, शेजारच्या रांगेपेक्षा एकच घर उंच किंवा खाली.

"काका, सपाट नको," मी म्हटलं. "डावीकडे एक पायरी ठेवू. सापाला."

"भिंतीत पायरी?" काकाला ते सोसेना. गवंड्याचा जन्म ना! पण दोन दिवस ठेवून पाहिली, आणि साप येऊन गुपचूप बसू लागले. काका म्हणाला, "माझ्या भिंतीक कधी साप येवक नाय, म्हणान माका ठावक नाय."

आता तुम्ही विचाराल, रांगा भरत गेल्या की झालं, त्यात वाट कसली पाहायची? सांगते.

या गेममध्ये सुरुवातीच्या पातळीवर एक रांग गेली की ४० गुण. एकदम दोन गेल्या तर १००. तीन गेल्या तर ३००. आणि चार एकदम गेल्या तर १२००! पुढच्या पातळ्यांवर हे आकडे वाढत जातात, पण प्रमाण हेच. करा हिशोब. आठ रांगा एकेक करून घालवल्या, तर ३२०. त्याच आठ रांगा चार-चार करून दोनदा घालवल्या, तर २४००. रांगा तेवढ्याच, गुण साडेसात पट.

पण चार रांगा एकदम घालवू शकणारा तुकडा एकच: उभी काठी. त्यासाठी एका कडेला एक घर रुंदीची चर मोकळी सोडायची, आणि बाकीची नऊ घरं भरत जायची. आम्ही तिला विहिरीतली विहीर म्हणायचो. चार रांगा तयार झाल्या, काठी आली, की ती उभी करून चरीत सोडायची. टीव्हीचा पडदा लखलखायचा आणि काका "गेला!" म्हणून ओरडायचा. आजी स्वयंपाकघरातून विचारायची, "कोण गेला?"

चर डावीकडे ठेवायची की उजवीकडे, यावर आमचं पुन्हा भांडण. मला डावी बरी वाटायची. काकाने एक दिवस मोजलं. काठी वरून आडवी येते. ती उभी केली की मधोमध येत नाही, जरा उजवीकडे येते. तिथून उजव्या भिंतीपर्यंत बटण चार वेळा दाबावं लागतं, डाव्या भिंतीपर्यंत पाच वेळा. हळू पडत असताना काही फरक नाही. पण दहा-दहा रांगांनंतर वेग वाढतो, आणि मग ते एक दाबणं फार महाग पडतं. मी आठवीत पहिली होते, पण हे मोजावं असं मला सुचलं नव्हतं. ज्याची रोजी मोजण्यावर, त्याला सुचलं. चर उजवीकडे ठरली.

आणि मग काठी यायची थांबली!

म्हणजे नेमकी हवी तेव्हा. चर तयार, चार रांगा तयार, आणि काठी नाही. पाच, सहा, सात. बाजूच्या चौकटीत पुढचा तुकडा आधी दिसतो, तिकडे आम्ही डोळे लावून बसायचो. डबा. टोपी. साप. पुन्हा डबा. आणि ढीग चढतोच आहे.

"ह्या यंत्र लबाड आसा," काका म्हणायचा. "त्येका दिसता आपण वाट बघतव ती."

आणि थोड्या वेळाने: "बारा झाले. आता येतलीच."

आता येतलीच, आता येतलीच, असं करत करत ढीग वरपर्यंत जायचा. कितीदा तरी आम्ही असेच हरलो.

मला ते 'आता येतलीच' खटकायचं. एका दुपारी लाइट नव्हती. मी सात चिठ्ठ्या केल्या, सात तुकड्यांच्या, आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या. डबा हलवायचा, एक चिठ्ठी काढायची, वहीत लिहायची, परत टाकायची. काका काढायचा, मी लिहायची. बाहेर पाऊस. दोनशे चिठ्ठ्या काढल्या आम्ही! पंचवीस-तीस चिठ्ठ्यांमागे कधी दोन काठ्या, कधी सात. एकदा तर लागोपाठ एकोणीस चिठ्ठ्यांत काठी नाही.

"आता ह्यो डबो पण लबाड?" मी विचारलं.

काका गप्प. डबा बिस्किटाचा, चिठ्ठ्या माझ्या हातच्या, काढणारा तो स्वतः. लबाडी करणार कोण?

पुढे डी.एड.ला गेल्यावर मी हा हिशोब नीट मांडला, तुम्हालाही मांडता येईल. एका वेळी काठी न येण्याची शक्यता सातांत सहा. लागोपाठ दहा वेळा न येण्याची शक्यता काढायची, तर सहा सप्तमांश हा अपूर्णांक स्वतःनेच दहा वेळा गुणायचा. उत्तर येतं पाचांत एकाच्या जरा वर. म्हणजे दहा तुकडे काठी न येणं ही काही लबाडी नव्हे, ती रोजची गोष्ट. वीस तुकडे न येणं? बाविसांत एकदा. एका संध्याकाळी तीनचार डाव खेळलात तर तेही दिसेल. आणि मुख्य गोष्ट, बाराव्या वेळेनंतर तेराव्या वेळी काठी येण्याची शक्यता वाढते का? नाही. तीच, सातांत एक. डब्यातल्या चिठ्ठीला आठवण नसते. आमच्या गेमच्या यंत्राला थोडीशी होती. आताच दिलेला तुकडा लगेच पुन्हा द्यायचं ते शक्यतो टाळायचं. पण तेवढंच. त्याच्या मागचं त्याला काही आठवत नसे.

काका बराच वेळ वहीतल्या रेघा बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे किती वाट बघलंय, ह्येका काय अर्थ नाय."

"नाही."

"मगे कित्याक बघूचा?"

मी म्हटलं, "वर किती जागा उरली, ते बघायचं."

हे मी कसं म्हटलं मला आजही सांगता येत नाही. तोंडातून निघून गेलं. पण काकाने ते धरून ठेवलं आणि त्याचा हिशोब केला. एका रांगेतली नऊ घरं भरायची. तुकडा चार घरांचा. म्हणजे नऊ तुकडे पडले की ढीग चार रांगा चढतो. विहीर वीस रांगांची. ढीग दहाव्या रांगेला असला, तर वर दहा रांगा, म्हणजे भोक न पडता बसवले तर साधारण बावीस तुकड्यांची जागा. पण ढीग वर आला की तुकडा भिंतीपर्यंत न्यायलाच वेळ पुरत नाही, त्यामुळे खरी जागा त्याच्या निम्मी धरायची. "दहावी रांग," काका म्हणाला. "दहाव्या रांगेक पोचलो, काय काठी सोडायची."

काठी सोडायची म्हणजे काय करायचं, तेही सांगते, कारण तिथंच बहुतेक जण चुकतात. ढीग दहा रांगा, नऊ घरं भरलेली, उजवीकडे दहा घरं खोल चर. हॉकी आली. ती अशी उभी करायची, की वाक वर आणि डावीकडे, दांडा खाली. दांड्याची खालची दोन घरं चरीत शिरतात, आणि वाक डावीकडच्या ढिगावर टेकतो. वरच्या दोन रांगा भरल्या, गेल्या. शंभर गुण. ढीग आठ रांगांवर आला. पण बघा, हॉकीची वरची दोन घरं मागे उरली, आणि त्यांतलं एक बरोबर चरीच्या तोंडावर! झाकण बसलं. इथं माणूस घाबरतो, की आता चर गेली. घाबरायचं नाही. त्याच रांगेतली उरलेली आठ घरं भरायची, ती रांग जाते, आणि झाकणही तिच्याबरोबर जातं. चर पुन्हा उघडी, आठ घरं खोल. काठी येईल तेव्हा येवो.

पहिल्यांदा असं केलं त्या दिवशी, झाकण बसल्यावर दुसऱ्याच तुकड्याला काठी आली. मी कपाळावर हात मारला. दोन तुकडे थांबलो असतो तर १२०० मिळाले असते! काका मात्र शांत. "असूने," म्हणाला. "आपण खेळतव अजून."

खरंच, त्या डावात आम्ही पुढे चारदा चार रांगा घालवल्या. कॅलेंडरवर नवा आकडा चढला.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. चवथीनंतरची गोष्ट. मी एक दिवस शाळेतून उशिरा आले. पाहते तर काका एकटाच खेळतोय. रिमोट पाटावर, उजवा हात उजव्या बटणांवर, आणि डाव्या हाताची पहिली दोन बोटं अधिकच्या बटणावर, तबला वाजवावा तशी. अंगठा बाजूला. मला बघून तो लाजला. "तू येवक नाय, म्हणान."

मी बसले, पण माझी डावी बाजू मागितली नाही. पुढच्या आठवड्यात बोटांबरोबर अंगठाही टेकायला लागला. आधी नुसता टेकलेला. मग एकदा, काठी आली तेव्हा, त्या अंगठ्यानेच दाबलं. एक. दोन. तिसऱ्याला त्याने दात आवळले. काठी चरीच्या दोन घरं अलीकडे पडली आणि सगळा डाव बिघडला. मी काही बोलले नाही. तोही नाही. पण दुसऱ्या दिवशीपासून रोज चार वाजायच्या आधी आजीकडे गरम पाणी मागून तो अंगठा शेकायला लागला. डॉक्टरांनी सांगितलेलं हलवणं जुलैपासून राहून गेलं होतं, ते सप्टेंबरात सुरू झालं. गेममुळे हात बरा होतो असं समजू नका हं, तसं काही नसतं. पण त्याने हलवायला सुरुवात केली, एवढं मी पाहिलं.

(त्या तबल्यावरून आठवलं. २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात विलिस गिब्सन नावाच्या १३ वर्षांच्या मुलाने याच गेमची १९८९ सालची आवृत्ती १५७व्या पातळीपर्यंत नेली. तिथं गेमच गोठला, पुढे चालेना. तोवर असं कुणा माणसाकडून झालं नव्हतं. इतक्या वेगात अंगठा पुरत नाही. म्हणून तो बटणावर अंगठा नुसता ठेवतो आणि दुसऱ्या हाताची बोटं रिमोटच्या पाठीवर तबल्यासारखी वाजवतो. मी तो व्हिडिओ लगेच काकाला पाठवला. काकाचं उत्तर आलं: "पोरगो गवंडी होतलो.")

ऑक्टोबर आला, पाऊस ओसरला. काकाच्या मुकादमाचा निरोप आला. गोव्यात मोठं काम धरलं होतं, हॉटेलच्या भिंती, सगळा चिरा. सहा महिन्यांची रोजी. घरात दुसरी कमाई म्हणजे बाबांची, मुंबईहून येणारी मनीऑर्डर, आणि मेपासून तेवढ्यावरच चाललं होतं. आजीने देवाला गूळ-खोबरं ठेवलं.

काका दुसऱ्या दिवशी अंगणात गेला. कोपऱ्यात कुंपणाचे उरलेले चिरे होते. त्याने एक उचलला. मी पडवीतून बघत होते. गुडघ्यापर्यंत आला आणि डावी बाजू घसरली. चिरा चिखलात पडला. अंगठा बटण दाबण्यापुरता वळत होता, पण चिऱ्याभोवती आवळत नव्हता. त्याने पुन्हा उचलला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र उचलला नाही. हात धुऊन आत आला.

मुकादमाला कळवलं, की पंधरा दिवस थांब. पंधरा दिवसांनी पुन्हा पंधरा दिवस. आजी म्हणायची, आता बरा होतलोच. आई म्हणायची, इतके महिने गेले, आता किती दिवस राहिले असणार? काका रोज अंगणात जायचा, आणि रोज चिरा घसरायचा. चार वाजता खेळायला बसायचा, पण फारसा बोलायचा नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एक दिवस डाव मध्यावर आलेला. उजवीकडे चर, ढीग चढलेला, काठी कधीपासून नव्हती. मी मोजत नव्हते, मोजायचं नाही हे ठरलेलंच होतं. काकाने हॉकी फिरवली, वाक वर, दांडा खाली, स्वतःच्या अंगठ्याने चार वेळा दाबून ती चरीवर नेली, आणि दोन रांगा गेल्या. मग तो टीव्हीकडे बघतच म्हणाला, "सावंतवाडीत एक बंगलो आसा. भिंती झाल्यात, दर्जा भरूचे रवलेत. उद्या जातंय."

दर्जा भरणं म्हणजे चिऱ्यांच्या मधले सांधे सिमेंटने भरून घ्यायचे. उजव्या हातात थापी धरून करता येतं. रोजी बरीच कमी, आणि काम महिन्या-दीड महिन्याचंच.

"आणि गोव्याचं?" मी विचारलं.

"त्येका सांगलंय, दुसरो गवंडी बघ म्हणान."

"काका, पण अजून थोडे दिवस..."

"दहावी रांग इली गो," तो म्हणाला. "बघ, झाकण बसला हा. डबो येता, डावीकडे घे."

मी पुढे वाकून बाजूची चौकट पाहिली. डबाच होता. तेवढ्यात लाइट गेली. काळोखात आम्ही दोघं तसेच बसलो, लाइट येते का बघत, आणि आजी स्वयंपाकघरातून ओरडली, "कोण गेला?"

काका दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने सावंतवाडीला गेला. मी उठले तेव्हा कॅलेंडर भिंतीवर उलटं टांगलेलं होतं, आकड्यांची बाजू बाहेर. शेवटच्या नियमाखाली पेन्सिलीने, त्याच्या गवंडी अक्षरात, एक नवी ओळ होती: 'शनिवारी येतंय. माझ्याशिवाय खेळू नको. खेळलस तर चर उजवीकडेच ठेव.'